शनिवारच्या सिनेमाच्या बाईंसाठी तीन मिनिटं: गॅदरिंगमधलं कृतज्ञतेचं भाषण कसं तयार करायचं

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या शाळांमध्ये गॅदरिंगची धांदल सुरू होते. गडकरी रंगायतनची तारीख मिळाली की घाणेकर नाट्यगृहाची, की यंदाही शाळेच्या पटांगणातच मांडव घालायचा, हे एकदा ठरलं की नाच बसवायला घेतात, कपडे भाड्याने आणायची यादी होते, आणि निवेदन आणि भाषणं माझ्याकडे येतात. मी मराठी शिकवते. गेली बरीच वर्षं मुलांची भाषणं मी बसवून घेते.

मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी माझ्याकडे कागद घेऊन आली. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई दर शनिवारी शाळा सुटल्यावर वरच्या हॉलमध्ये मुलांना सिनेमा दाखवतात. त्यांच्याबद्दल गॅदरिंगमध्ये कुणीतरी बोलावं असं मुलांनीच ठरवलं आणि ते काम हिच्याकडे आलं. कागदावर पहिलं वाक्य होतं, "चित्रपट हा समाजमनाचा आरसा असतो." मग गुरूचं महत्त्व, मग "सूर्यापुढे काजवा", मग सात सिनेमांची नावं आणि शेवटी "शब्द अपुरे पडतात." अक्षर सुंदर, शुद्धलेखन बिनचूक. मी तिला एकच विचारलं, "हा कागद वरचं नाव झाकून बाईंच्या हातात दिला, तर हे आपल्याबद्दल लिहिलंय असं त्यांना कळेल का?" तिने पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "नाही. हा कुठल्याही बाईंना चालेल."

तिथून पुढे दोन आठवड्यांत आम्ही जे भाषण तयार केलं, त्याची सगळी प्रक्रिया इथे देते आहे. भाषणही पूर्ण दिलं आहे.

आधी वेळ आणि जागा मागून घ्या

लिहायला बसण्याआधी कार्यक्रमपत्रिका करणाऱ्या शिक्षकांकडे जायचं आणि दोन गोष्टी पक्क्या करायच्या: किती मिनिटं आणि कशाच्या आधी.

तीन मिनिटं मागावीत. नाट्यगृह ठरावीक वेळेपुरतं मिळालेलं असतं, नाच लांबतात, पाहुणे उशिरा येतात, आणि वेळ कापायची झाली की आधी भाषणावरच कात्री चालते. तीन मिनिटांचं भाषण कुणी कापत नाही, सहा मिनिटांचं कापतात. मोठ्या सभागृहात, माइकवर, शब्द नीट पोचवत बोललं तर मुलांचा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्दांचा पडतो. घरी आरशासमोर तोच वेग दीडशेवर जातो, म्हणून घरच्या घड्याळावर विसंबू नये. तीन मिनिटं म्हणजे तीनशे शब्द, एवढं धरून चालावं. कागदावर ते दीड पान होतं. पाहून मुलांना वाटतं, एवढंसंच? पण पुरतं.

जागा मागताना एक गोंधळ आधीच मिटवावा. पुष्कळ शाळांत असं भाषण शेवटच्या आभारप्रदर्शनात घालतात. आभारप्रदर्शन म्हणजे प्रमुख पाहुण्यांपासून ध्वनिव्यवस्थेपर्यंत सगळ्यांची नावं घेण्याचं काम आहे आणि ते तसंच असायला हवं. त्यात बाईंचं भाषण घातलं तर ते यादीतलं एक नाव होऊन जातं. शिवाय तोवर निम्मे पालक चपला शोधत असतात. दोन नाचांच्या मध्येही नको, कारण पुढच्या गाण्याचा ट्रॅक लावायची घाई असते आणि विंगेतून घुंगरांचा आवाज येत राहतो. अहवालवाचन झाल्यावर आणि बक्षीस वितरणाच्या आधी, ही जागा सगळ्यात चांगली. त्या वेळी सभागृह शांत असतं, मुख्याध्यापक आणि पाहुणे मंचावर असतात आणि पालकांचे कान उघडे असतात, कारण पुढे त्यांच्याच मुलांची नावं पुकारली जाणार असतात.

मग माहिती काढा, पण बाईंना न विचारता

चांगल्या भाषणाचं निम्मं काम इथे होतं आणि बहुतेक मुलं नेमकं हेच गाळतात. सिनेमा पाहणाऱ्या मुलाला पडदा दिसतो. पडदा लागण्याआधी काय काय झालं ते दिसत नाही, आणि आभार मानायचे असतात ते त्याचेच.

मी त्या मुलीला चार माणसांकडे पाठवलं. शाळेचे मामा, संगणकाचे सर, शाळेतून पास होऊन गेलेली तिच्या ओळखीची एक ताई आणि बाईंसोबत रोज रिक्षाने जाणाऱ्या दुसऱ्या एक बाई. प्रश्न सरळ दिले: शनिवारी बाई किती वाजता हॉलमध्ये येतात? सिनेमाच्या आधी त्या काय करतात? कधी काही बिघडलं होतं का, आणि मग काय केलं? तुम्हाला त्यांची कुठली गोष्ट आठवते? "बाईंबद्दल दोन शब्द सांगा" असं विचारायचं नाही, हे मी बजावलं होतं. तसं विचारलं की माणसं भाषणातलीच वाक्यं परत देतात.

मामांनी सांगितलं की खिडक्यांना लावायचे काळे कागद बाई स्वतः मोजून कापून आणतात. पावसाळ्यात ते ओलाव्याने सुटतात, म्हणून दर जूनमध्ये नवे करतात. संगणकाच्या सरांनी सांगितलं की बाई शुक्रवारी पेनड्राइव्ह आणून पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं लावून बघतात. एकदा सिनेमा शेवटाला अडकला होता आणि मुलं तशीच घरी गेली होती, त्यानंतरची ही सवय. पण खरी गोष्ट हाती लागली ती रिक्षातल्या बाईंकडून. त्यांनी एक वही पाहिली होती.

आमची शाळा मराठी माध्यमाची आहे. बाई इराणी, जपानी, बंगाली असे सिनेमे दाखवतात आणि खाली येणारी अक्षरं इंग्रजीत असतात. एक ओळ पडद्यावर काही सेकंदच टिकते. पाचवीतलं मूल पहिला शब्द लावेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून बाई पडद्याच्या बाजूला उभ्या राहून सगळे संवाद मराठीत सांगतात. हे तर सगळ्याच मुलांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की ते मराठी आयत्या वेळी सुचलेलं नसतं. बाई आदल्या रात्री सिनेमा थांबवत थांबवत पाहतात आणि एकेक वाक्य वहीत लिहून काढतात. ओळ आली की लगेच बोलता यावी म्हणून वाक्यं छोटी ठेवतात. तोपर्यंत अशा सात वह्या भरल्या होत्या.

ती मुलगी हे ऐकून वर्गात आली तेव्हा तिला सांगताना शब्द सापडत नव्हते. मी म्हटलं, आत्ता जे सांगितलंस ना, तेच भाषण आहे.

आणखी एक काम राहिलं होतं: मोजणी. "अनेक वर्षं", "असंख्य चित्रपट" हे शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच उभं करत नाहीत. तिने फलकावरच्या सूचनांची वही चाळली, सुट्ट्या, परीक्षा आणि पावसाने बुडालेले शनिवार वजा केले, आणि ती आल्यापासूनच्या तीन वर्षांचा आकडा काढला: एकसष्ट. साठपेक्षा एकसष्ट चांगला, कारण ऐकणाऱ्याला कळतं की हिने खरंच मोजलंय.

एक सिनेमा, आणि त्यातलाही एकच क्षण

पहिल्या मसुद्यात सात नावं होती. मुलांना वाटतं की जितकी नावं जास्त, तितका उपक्रम मोठा दिसेल. पण सभागृहातल्या आठशे माणसांपैकी फार थोड्यांनी ते सिनेमे पाहिलेले असतात आणि बाकीच्यांसाठी ती नुसती नावं. एकच सिनेमा घ्यावा, आणि तो निवडताना बघायचं ते असं: ज्या दिवशी तो दाखवला, त्या दिवशी हॉलमध्ये काय घडलं? पडद्यावर काय घडलं ते पाहुण्यांना घरी बसूनही बघता येईल. हॉलमधलं फक्त तुम्हीच सांगू शकता.

तिने निवडला १९९७ चा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', माजिद माजिदी यांचा इराणी सिनेमा. गोष्ट पाहिलेली नसेल त्यांनाही दोन वाक्यांत कळते: भावाच्या हातून लहान बहिणीचे बूट हरवतात, आणि घरी पैसे नाहीत हे माहीत असल्यामुळे दोघं कुणाला न सांगता भावाच्या एकाच जोडीवर पाळीपाळीने शाळा करतात. भाषणात दोन वाक्यांच्या वर गोष्ट सांगायची नाही. तिसरं वाक्य लिहिलंत की भाषण सिनेमाचं होतं आणि बाई मागे राहतात.

इथे एक चूक होता होता वाचली. सिनेमात शेवटी धावण्याची शर्यत आहे आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात बूट आहेत. तिने लिहिलं होतं, "अली शर्यत हरतो." तीन वर्षांपूर्वी पाहिलेलं, डोक्यात दुःखाचा शेवट म्हणून राहिलेलं. प्रत्यक्षात अली पहिला येतो, आणि पहिला आल्यामुळेच त्याचे बूट हुकतात. आठवणीतल्या सिनेमात अशा अदलाबदली हमखास होतात. ज्या प्रसंगाचा उल्लेख करणार तो भाग पुन्हा पाहावाच, नावाचा उच्चारही तिथूनच घ्यावा. ज्यांनी तो सिनेमा स्वतः निवडून दाखवला त्या बाई समोर बसलेल्या असणार आहेत. त्यांच्या सिनेमाचा शेवट त्यांच्यापुढे चुकवायचा नाही.

लिहिताना

सुरुवातीला व्यासपीठावरच्या सगळ्यांना संबोधन नको. ते निवेदकाने आधीच केलेलं असतं, आणि वीस-पंचवीस सेकंद त्यातच जातात. "नमस्कार" म्हणून थेट त्या शनिवारात शिरावं.

मधलं सगळं सभागृहाला सांगायचं, म्हणजे "बाईंनी असं केलं". शेवटच्या तीस-चाळीस सेकंदांत मात्र बाईंकडे वळून "बाई, तुम्ही" असं बोलायचं. पहिल्यापासून "तुम्ही, तुम्ही" केलं तर पालकांना वाटतं की दोघांचं खासगी बोलणं चाललंय. वळण्याची ती जागा कागदावर लाल पेनने खूण करून ठेवावी. आणि हाक रोजचीच असू द्या. वर्गात "बाई" म्हणता, तर मंचावर "आदरणीय गुरुवर्य" कशाला? मुलगी "बाई" म्हणाली की हॉलमधल्या सगळ्या मुलांना तो आवाज ओळखीचा वाटतो.

काही गोष्टी मी लाल रेघ मारून काढल्या. "बाकीचे शिक्षक फक्त पुस्तकातलं शिकवतात, पण बाई…" हे वाक्य तर पहिल्यांदा. मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या रांगेत बाईंशेजारी बसलेल्या बाकीच्या शिक्षकांना ते लागतं आणि बाईंना ओशाळं वाटतं. दुसरं, बाईंच्या घरचा उल्लेख. मागच्या वर्षी त्यांच्या घरी मोठं आजारपण होतं आणि तरीही शनिवार चुकला नव्हता. मुलीला ते सांगावंसं वाटत होतं. मला ते कळत होतं, पण ती गोष्ट बाईंची आहे आणि ती सांगायची की नाही हे त्याच ठरवतील. तिसरं, सिनेमा पाहताना रडलेल्या मुलीचं नाव. "माझ्या शेजारची मुलगी" एवढं पुरे.

मदतनीसांसाठी मात्र एक ओळ हवीच. मामांनी एकसष्ट वेळा सतरंज्या घातल्या. त्यांचं नाव आलं नाही तर सगळ्यात आधी बाईंनाच ते खटकेल.

तयार झालेलं भाषण

नमस्कार. मी नववी ब मधली.

तीन वर्षांपूर्वीचा एक शनिवार. शाळेचा वरचा हॉल, खिडक्यांना काळे कागद, सतरंजीवर आम्ही दाटीने बसलेलो. पडद्यावर 'चिल्ड्रन ऑफ हेवन' नावाचा इराणी सिनेमा. अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं एकाच जोडीवर शाळा करतात. मग एक शर्यत येते, तिसऱ्या नंबरला बूट मिळणार असतात, म्हणून अलीला तिसरं यायचं असतं.

अली धावायला लागला आणि आमचा हॉल ओरडायला लागला, "तिसरा ये! तिसरा ये!" पहिला येऊ नको म्हणून ओरडणारी शाळा तुम्ही कधी ऐकली आहे? आम्ही ओरडलो. आणि अली पहिला आला. सगळे एकदम गप्प. माझ्या शेजारची मुलगी रडत होती.

बाईंनी लगेच दिवे लावले नाहीत. पडद्यावरची नावं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग दिवे लावले. आम्हाला वाटलं, आता तात्पर्य विचारणार. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय काय दिसलं?" त्या दिवशी मी शाळेत पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला.

तो सिनेमा फारसी भाषेत होता. खालची अक्षरं इंग्रजी. आम्हाला ती वाचता येत नव्हती. तरी आम्हाला सगळं कळलं, कारण पडद्याच्या बाजूला अंधारात उभ्या राहून बाई प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होत्या. दीड तास. ते मराठी त्यांनी आदल्या रात्री वहीत लिहून आणलं होतं. हे मला याच महिन्यात कळलं. अशा सात वह्या आहेत.

मामांनी दर शनिवारी सतरंज्या घातल्या, संगणकाच्या सरांनी प्रोजेक्टर सांभाळला. मामा, सर, तुमचेही आभार.

बाई, मी मोजलं. एकसष्ट शनिवार. शाळा साडेअकराला सुटायची आणि तुम्ही दोन वाजता घरी निघायचात. बाई, परवा तलावपाळीवर एक मुलगा वाकून बहिणीच्या चपलेचा बंद लावत होता. मी थांबून बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी मला तो दिसला नसता. तुम्ही दर शनिवारी विचारायचात, "काय काय दिसलं?"

बाई, आता दिसतं.

काटछाट

हे भाषण पहिल्यांदा म्हणून पाहिलं तेव्हा जवळजवळ चार मिनिटं लागली होती. त्यात काळ्या कागदांची सगळी गोष्ट होती, अडकलेल्या पेनड्राइव्हचीही होती. दोन्ही चांगल्या होत्या. पण वहीची गोष्ट ऐकल्यावर त्या फिक्या पडत होत्या आणि वहीपर्यंत पोचायला उशीर करत होत्या. काळे कागद एका शब्दापुरते ठेवले, पेनड्राइव्ह गेला. एकाच प्रकारच्या दोन गोष्टी असतील तर एकच ठेवावी, जिच्यात जास्त कष्ट दिसतात ती.

शेवटी तिने "धन्यवाद, जय हिंद, जय महाराष्ट्र" लिहिलं होतं. सवयीचा भाग. तेही काढलं, कारण "आता दिसतं" नंतर दुसरं काहीही आलं की ते वाक्य पुसलं जातं. निवेदकाला मात्र आधी सांगून ठेवावं लागलं की भाषण या शब्दांवर संपतं, नाहीतर तो पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला असता. दोन मोजून मग पुढे बोल, असं त्याला सांगितलं.

कागद, माइक आणि सराव

साधा कागद माइकजवळ खडखडतो आणि हात थरथरला की लांबूनही दिसतं. जाड कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे चार तुकडे करावेत, एका बाजूलाच मोठ्या अक्षरात लिहावं, कोपऱ्यात आकडे घालावेत. सगळं पाठ केलं तरी कार्डं हातात असू द्यावीत. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द अडला की पुढची गाडीच थांबते, म्हणून मी मुलांना शब्दशः पाठ करायला लावत नाही. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची तीन पाठ, बाकीचं कार्डावर नजर टाकत सांगायचं.

माइक ओठांपासून मूठभर अंतरावर हवा आणि किंचित हनुवटीकडे. अगदी तोंडाशी धरला तर ब, भ, फ फटकन फुटतात, आणि या भाषणात "बाई" हा शब्दच पुन्हा पुन्हा येतो. पोडियमवरचा माइक आधीच्या उंच वक्त्यासाठी वर केलेला असतो. तो खाली करायला कुणीतरी मोठं माणूस आधी जाऊन उभं राहावं, मुलाला तिथे झगडायला लावू नये. शाळेच्या पटांगणात मांडव असेल तर समोरच्या इमारतीवरून आवाज परत येतो आणि आपलंच बोलणं आपल्या कानांवर आदळतं. तेव्हा वाक्य संपल्यावर जरा जास्त थांबायचं. त्या मुलीचा सराव आम्ही वर्गात केलाच नाही. जिन्याखाली केला, मधल्या सुट्टीत, सगळा गलका चालू असताना. तिथे जे ऐकू गेलं ते सभागृहात ऐकू जाणारच.

"तिसरा ये!" हे ओरडून म्हणायचं का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. माइकवर खरंच ओरडलं तर कर्कश होतं. नुसतं सांगितलं तर जीव जातो. शेवटी असं जमलं: पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, दुसऱ्यांदा माइकपासून मान थोडी मागे घेऊन जोरात. दिवस आला तेव्हा मागच्या रांगेतली मुलं आपणहून तिसऱ्यांदा ओरडली. असं झालं तर थांबायचं, त्यांना ओरडू द्यायचं, हसू द्यायचं आणि मग "अली पहिला आला" म्हणायचं. ती शांतता पुन्हा यायला चार-पाच सेकंद लागतात. घाई केली तर पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू जात नाहीत.

बाई कुठे असतील?

हे सांगायला मला आजही त्रास होतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना अशाच एका सरांसाठी मुलाने भाषण केलं होतं. उत्तम झालं, टाळ्या पडल्या, तो शेवटी पहिल्या रांगेकडे वळून "सर" म्हणाला, आणि खुर्ची रिकामी होती. सर ग्रीनरूममध्ये कोळीनृत्याच्या मुलांचे रुमाल बांधत होते. त्यांना भाषण झालं हे दुसऱ्या दिवशी कळलं. जो शिक्षक वर्षभर शनिवारी थांबतो, तो गॅदरिंगच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून राहील अशी अपेक्षाच चुकीची होती, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तेव्हापासून मी हे काम एका सहशिक्षकावर सोपवते. त्यांना आधी विश्वासात घ्यायचं, आणि भाषणाच्या दोन कार्यक्रम आधी बाईंच्या हातातलं काम त्यांनी घ्यायचं: "तुम्ही जरा बसा, इकडचं मी बघतो." बाईंना कुठल्या खुर्चीत बसवायचं ते ठरलेलं हवं. मंचावरून दिव्यांच्या झोतात समोरचं काही दिसत नाही, म्हणून भाषण करणाऱ्या मुलाने रंगीत तालमीलाच ती जागा बघून ठेवायची, म्हणजे डावीकडून दुसरी रांग, मधल्या वाटेला लागून, असं काहीतरी पक्कं. दिसलं नाही तरी मान बरोबर त्या दिशेला वळते. बाई हट्टाने पडद्यामागेच थांबणाऱ्या असतील तर विंगेत थांबवा आणि मुलाला विंगेकडे वळायला सांगा. तेही छान दिसतं.

दोन-तीन किरकोळ गोष्टी

भाषणाच्या मागे सिनेमाची क्लिप लावायची हौस अनेकांना होते. नका लावू. एक तर पडदा, प्रोजेक्टर आणि दिवे यांची जुळवाजुळव तीन मिनिटांच्या भाषणाला पेलत नाही. दुसरं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शाळेच्या उपक्रमात सिनेमा दाखवायला मुभा देतं ती शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच प्रेक्षक असताना. बाईंचे शनिवार त्यात बसतात. गॅदरिंगचं चित्रीकरण सगळ्यांसाठी यूट्यूबवर टाकलं की त्यातल्या क्लिपचा प्रश्न वेगळा होतो. त्यापेक्षा बाईंच्या वहीच्या एका पानाचा फोटो मागे लावा, पण वही बाईंची आहे, तेव्हा तो घरच्यांकडून किंवा मैत्रिणीकडून मागून घ्या.

भाषण पालकाने करायचं असेल तर हॉलमधला क्षण त्यांच्याकडे नसतो. त्यांनी घरचा सांगावा: शनिवारी मूल घरी आल्यावर जेवताना काय बोलत होतं ते. पाचवी-सहावीतलं मूल बोलणार असेल तर दीड मिनिट, दीडशे शब्द, आणि शर्यतीचा भाग तेवढाच घ्या. वहीची गोष्ट लहान मुलाच्या तोंडी पढवलेली वाटते.

बोलताना गळा दाटला तर थांबायचं, कार्डाकडे बघायचं, श्वास घ्यायचा आणि अडलेलं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. अर्धवट जागेवरून उचललं तर पुन्हा दाटतो. आमची मुलगी "अशा सात वह्या आहेत" इथे अडली होती. पाणी देऊन ठेवलं होतं, तिने घेतलं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणाली आणि पुढे गेली.

कार्यक्रम संपल्यावर तिने ती चार कार्डं बाईंना नेऊन दिली. मागच्या कोऱ्या बाजूंवर मुलांनी वाटून घेऊन एकसष्ट सिनेमांची नावं तारखांसकट लिहिली होती. बाईंनी तिथेच, ग्रीनरूमच्या दारात उभ्या उभ्या ती वाचली आणि एक तारीख चुकली आहे म्हणून पेन मागितलं.